बोर्डावरचं आमंत्रण आणि त्याला आलेलं एक नीट उत्तर

पार्श्वभूमी

कोथरूडमधली जुनी सोसायटी. तीन इमारती, 44 घरं, लिफ्ट फक्त एका इमारतीला. माझा दादा तिथे बावीस वर्षं राहतो. त्याच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं लग्न डिसेंबरातल्या एका रविवारी ठरलं. मुहूर्त सकाळी 11 वाजून 47 मिनिटांचा, कार्यालय कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत. ओळखू येतील असे तपशील मी बदलले आहेत. आकडे मात्र माझ्या वहीतले आहेत.

आमच्याकडे पत्रिका घरी जाऊन द्यायची पद्धत. दोघांनी जायचं, हळदकुंकू लावायचं, अक्षत द्यायची, चहाला नाही म्हणायचं आणि तरी तो प्यायचा. एका घराला वीस मिनिटं धरली तर 43 घरांना किती वेळ लागेल ते बघा. त्यात दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. कसबा गणपतीला पहिली अक्षत ठेवायला तो काठी टेकत गेला, तिथे दुसरा कोणी चालत नाही. सोसायटीसाठी मात्र त्याने पत्रिकेची एक प्रत जिन्याखालच्या नोटीस बोर्डावर टाचणीने लावली. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ‘सोसायटीतील सर्वांना सहकुटुंब आग्रहाचे निमंत्रण. पायांमुळे प्रत्येकाकडे येता येत नाही, क्षमस्व. आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत. येणार असल्यास खालील कागदावर लिहावे अथवा कळवावे.’ त्याखाली माझा नंबर, कारण पाहुण्यांची यादी माझ्याकडे होती.

लग्नाला तेव्हा तीन आठवडे होते.

अडचण

केटररला पक्का आकडा गुरुवारी सकाळी दहापर्यंत हवा होता. त्याची पद्धत साधी होती. तुम्ही सांगाल तेवढ्या पानांचे पैसे द्यायचेच, जेवोत न जेवोत. त्याच्यावर दहा टक्क्यांपर्यंत माणसं वाढली तर तो भागवून नेणार, त्याहून वाढली तर जबाबदारी आपली. पान सहाशे रुपये. नाश्त्याचा आकडा वेगळा.

नातेवाईक, दादाचे ऑफिसातले लोक आणि मुलाकडची मंडळी मिळून 240 हा आकडा बसवला होता. त्यात तीनदा खाडाखोड झाली, पण तो आमच्या ताब्यात होता. अंदाज लागत नव्हता तो सोसायटीचा. पत्रिका घरी जाऊन दिली की उंबऱ्यावरच कळतं, कोण येणार आणि कोण नुसतं ‘बघू’ म्हणणार. बोर्डावरच्या पत्रिकेला चेहरा नसतो. वाचणाऱ्याला कळत नाही की हे खरंच आपल्याला आहे की रीत म्हणून लावलंय, आणि लावणाऱ्याला कळत नाही की कोणी वाचलं का.

पहिल्या आठवड्यात कागदावर 19 घरांची नावं आली. ‘नक्की येणार!’, ‘हार्दिक अभिनंदन, येतोच’, एकाने नुसतं फूल काढलं होतं. वाचून बरं वाटलं. पण एकाही ओळीत आकडा नव्हता. ‘येतोच’ म्हणजे एक की पाच?

मी घरटी तीन माणसं धरली. 43 त्रिक 129, म्हणजे 130. एकूण 370 पानं. वहिनी म्हणाली, ‘निम्मे पण येणार नाहीत.’ दादा म्हणाला, ‘आणि सगळे आले तर?’ दोघांचंही बरोबर असू शकत होतं, आणि यादी माझ्या हातात होती.

एकाच घरातून आलेली दोन उत्तरं

बी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. बँकेतून निवृत्त झालेल्या. दादाकडची त्यांची ओळख जिन्यात हसण्यापुरती, फार तर गणपतीच्या आरतीपुरती. बोर्डावरच्या कागदावर पहिली ओळ त्यांचीच होती : ‘आम्ही नक्की येणार. काहीही मदत लागली तर हक्काने सांगा.’

त्या ओळीने एक गोष्ट झाली, जी त्यांच्या मनात नव्हती. पहिल्याने जे लिहिलं ते खालचे गिरवत गेले. ‘आम्हालाही सांगा’, ‘कधीही हाक मारा’, ‘हक्काने’. एकोणिसातल्या नऊ ओळींत मदतीचा शब्द आला. पुढे मी त्यातल्या एका काकांना विचारलं की रविवारी सकाळी सातला कार्यालयात सामान उतरवताना उभे राहाल का, तेव्हा ते इतके गोरेमोरे झाले की मलाच वाईट वाटलं. त्यांचा रविवारी सकाळी योगवर्ग होता. त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. ‘हक्काने सांगा’ हे आपल्याकडे शुभेच्छेचंच एक रूप आहे, हे मलाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या आठवड्यात त्या बाईंचा मला मेसेज आला. तो इथे पूर्ण देते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

‘नमस्कार. मी बी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. पत्रिका बोर्डावर वाचली, फार आनंद झाला. रविवारी आम्ही तिघं येऊ : मी, हे आणि सासूबाई. नाश्त्याला नाही, अकराच्या सुमारास पोचू आणि जेवून निघू. मुलगा बाहेरगावी असतो, तो नाही. सासूबाईंना पायऱ्या जमत नाहीत, त्याचं आम्ही बघतो, तुम्ही त्यात लक्ष घालू नका.

बोर्डावर मी मदतीचं मोघम लिहिलं. जमण्यासारखं सांगते. शनिवारी दुपारी 2 ते 5 मी अक्षतांच्या पुड्या बांधायला बसू शकते. कागद माझ्याकडे आहे. पाचला मला उठावं लागेल. दुसरं, रविवारी आमच्या गाडीत आणखी एका वयस्कर माणसाची जागा आहे. नेणं आणि परत आणणं, दोन्ही. यातलं काही आधीच ठरलं असेल तर नुसतं “ठरलंय” असं कळवा, मनात काही येणार नाही. बुधवारपर्यंत सांगितलंत तर बरं.’

लग्न झाल्यावर एकदा चहाला बसलो तेव्हा मी त्यांना विचारलं की हे कसं सुचलं. त्या म्हणाल्या, ‘माझ्या मुलाच्या मुंजीत बारा जणांनी हक्काने सांगा म्हटलं होतं. मी एकालाही सांगितलं नाही. काय सांगायचं तेच कळेना.’

त्यांनी तोललेले पर्याय

सगळ्यांनी केलं तसं, कागदावर लिहून गप्प बसता आलं असतं. ओळख जेमतेम असताना तेही पुरेसं होतं, नाव ठेवायला कोणाला जागा नव्हती.

मदतीचा तपशील कागदावरच लिहावा, असंही त्यांच्या मनात होतं. तो त्यांनी टाळला आणि मला तो निर्णय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. जिन्याखाली सगळ्यांसमोर कोणी ‘अक्षता मी बांधते’ असं लिहिलं तर यजमानाला नको म्हणता येत नाही. अक्षता आधीच कोणाकडे दिल्या असतील तर घरात रुसवा होतो आणि दिल्या नसतील तरी ‘हिला कोणी सांगितलं?’ अशी कुजबुज होते. येणार हे चारचौघांत सांगायला हरकत नाही, उलट त्याने बाकीचे येतात. मदतीचं मात्र अशा जागी सांगायचं जिथे समोरच्याला सहज ‘नको’ म्हणता येईल.

तिसरा पर्याय थेट दादाकडे किंवा वहिनीकडे जाण्याचा. ती दोघंही भेटलीच असती, पण मुलीच्या आईवडिलांना त्या आठवड्यात दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी भेटत असतं. तोंडी सांगितलेलं ‘आम्ही तिघं’ वहिनीच्या कानावरून वाऱ्यावर गेलं असतं. बोर्डावर नंबर माझा होता, म्हणून त्यांनी मला लिहिलं. इतकी साधी गोष्ट, पण पंधरा जणांनी आकडे वहिनीला जिन्यात सांगितले आणि त्यातले चार माझ्यापर्यंत पोचले.

आम्ही काय केलं

त्या मेसेजमधला मला पहिल्यांदा दिसलेला उपयोग मदतीचा नव्हता, आकड्याचा होता. तीन माणसं, नाश्ता नाही, जेवण आहे. केटररला नेमकं हेच हवं असतं. मी त्याच संध्याकाळी बोर्डावरचा कागद काढला, नव्या कागदावर पट्टीने रेघा मारल्या आणि रकाने केले : घर, नाश्त्याला किती, जेवायला किती. पहिली ओळ बाईंना विचारून त्यांचीच भरली : 0 आणि 3. रिकामा तक्ता भरायला लोक बिचकतात. एक ओळ भरलेली दिसली की पुढची भरते.

बुधवारी रात्रीपर्यंत 26 घरांनी भरलं. जेवायला 71, नाश्त्याला 22. गुरुवारी मी केटररला 310 पानं सांगितली. दादाला धाकधूक होती, पण 310 वर दहा टक्के म्हणजे 341 पर्यंत सोय होती, आणि कागदावर न लिहिताच लग्नाला येणारे तीस जण काही सापडले नसते.

मदतीच्या बाबतीत मात्र मी घाई केली. दोन्ही गोष्टींना त्याच मिनिटाला ‘हो, फार उपकार होतील’ असं कळवून टाकलं. भाचीच्या मामींना विचारलं नाही. अक्षता मामींनी घेतल्या होत्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. यादी लिहिणाऱ्या आत्येला सोडून. शुक्रवारी मामींचा फोन आला : ‘मी काय कमी पडले का?’

बाईंनी ‘ठरलंय म्हणा’ अशी पळवाट ठेवली होती, ती मी वापरलीच नाही. आता बाईंना नको म्हणणं बरं दिसेना आणि मामींना डावलणं परवडेना. शेवटी काम दोन भागांत तोडलं. तांदूळ रंगवायचे मामींनी, पुड्या बांधायच्या बाईंनी आणि मामींच्या दोन मुलींनी. मामींना मी सांगितलं की रंगवायचं काम मानाचं आहे, बांधणं काय कोणीही करेल. हे बाईंच्या कानावर गेलं नाही, एवढीच आशा.

अक्षतांबद्दल थोडं सांगते, कारण घोळ तिथेच झाला. अक्षत म्हणजे न तुटलेलं. म्हणून कणी काढून आख्खा तांदूळ घ्यायचा. त्याला ओलं कुंकू चोळायचं, पण पाणी अगदी चमचाभर, हाताला रंग लागेल इतपत, आणि मग पसरून खडखडीत वाळवायचं. दीड चमचा तांदूळ, म्हणजे साधारण 12 ग्रॅमची पुडी धरली तर 300 पुड्यांना साडेतीन किलोच्या आसपास तांदूळ लागतो. मामींनी चार किलो घेतला, शुक्रवारी रात्री रंगवला, पाणी सढळ हाताने घातलं आणि मुंग्या लागू नयेत म्हणून स्टीलच्या डब्यात झाकून ठेवला. शनिवारी दोन वाजता डबा उघडला तेव्हा तांदूळ ओलसर आणि गोळा झालेला. असा तांदूळ कागदात बांधला की तासाभरात कागद लाल होतो, आणि दुसऱ्या दिवशी मुठीत धरला की पैठणीवर डाग.

बाईंनी दोन दाणे कागदात दाबून बघितले. कागदावर गुलाबी ठसा उमटला. मग चार वर्तमानपत्रांवर तांदूळ पसरला, पंखा लावला आणि सगळे दीड तास बसून राहिलो. साडेतीनला बांधायला सुरुवात झाली. पाचपर्यंत 180 पुड्या झाल्या. पाच वाजता बाई उठल्या. सासूबाईंच्या फिजिओथेरपीची वेळ होती. त्यांनी हात धुतले, ‘उद्या भेटू’ म्हणाल्या आणि गेल्या.

वहिनीच्या बहिणीला हे खटकलं. ‘अर्धवट टाकून गेल्या,’ असं ती मागून म्हणाली. मला तसं वाटत नाही. पाचला उठणार हे त्यांनी दहा दिवस आधी लिहून दिलं होतं. त्यांच्या तीन तासांतला निम्मा वेळ आमच्या ओल्या तांदळाने खाल्ला, त्याची भरपाई त्यांनी का करायची? उरलेला तांदूळ आम्ही बांधलाच नाही. दोन परातींत मोकळा ठेवला, कार्यालयाच्या दारात भाचीच्या चुलतभावाने मुठीमुठीने वाटला. पुडी मिळाली नाही म्हणून कोणी अक्षता टाकायचं थांबलं नाही.

गाडीची जागा

गाडीतल्या एका जागेसाठी मी ए इमारतीतल्या आजींचं नाव धरलं होतं. वय 82, एकट्या राहतात. त्यांच्या घराचा रकाना कोराच होता. मी फोन केला : ‘आजी, गाडी आहे, नेतील आणि आणतील.’ आजी म्हणाल्या, ‘मला गाडी नको गं. बोर्डावरच्या आमंत्रणाला मी जात नाही. आमच्यात अक्षत देतात.’

तेव्हा कळलं की कोऱ्या रकान्याचा अर्थ प्रत्येक घरात सारखा नव्हता. काही घरं खरंच येणार नव्हती. काही घरं बोलावण्याची वाट बघत होती, विशेषतः सत्तरीच्या पुढची. दादाने क्षमस्व लिहिलं होतं, पण टाचणीला लावलेली क्षमा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मी त्याच संध्याकाळी कुंकवाची कुयरी घेऊन आजींकडे गेले, अक्षत दिली, चहा प्याले. मग त्यांनी विचारलं, ‘गाडी किती वाजता म्हणालीस?’ त्यांच्यासारखी आणखी पाच घरं मी त्या दोन दिवसांत केली. तीन घरांतून माणसं आली.

रविवारी सव्वादहाला गाडी निघाली. बाईंच्या यजमानांनी आदल्या दिवशी कार्यालयाच्या व्यवस्थापकाला फोन करून विचारून ठेवलं होतं की बिनपायऱ्यांचं दार कुठे आहे. पुढच्या दाराला सात पायऱ्या आहेत. स्वयंपाकघराच्या बाजूला, जिथे केटररचा टेम्पो लागतो, तिथून सपाट वाट आहे. दोन्ही आजी भाजीच्या क्रेटांमधून आत आल्या आणि पुढच्या रांगेत बसल्या. यजमान गाडी लावायला गेले ते अर्ध्या तासाने उगवले. गल्लीत जागा नव्हती आणि गाडी पार दुसऱ्या चौकात लावावी लागली. आधी निघाले म्हणून मंगलाष्टकं सापडली. अकराला निघाले असते तर नुसत्या टाळ्या ऐकू आल्या असत्या.

तीच वाट नंतर आणखी चार जणांना उपयोगी पडली, त्यात काठी घेतलेला मुलीचा बाप एक. इतके दिवस कार्यालयात येऊन जाऊन आमच्यापैकी कोणालाही ती विचारायचं सुचलं नव्हतं.

काय निष्पन्न झालं

सोसायटीतून 71 लिहिले होते, 66 आले. बाकीचे 240 धरले होते, ते 247 झाले. माणसं 313, पण केटररच्या माणसाने ताटल्या मोजून 322 दाखवल्या. नऊ जास्तीच्या कशा, तर बुफेत लोक ताटली कुठेतरी ठेवतात, गप्पा मारतात आणि जिलबीसाठी दुसरी उचलतात. प्रत्येक ताटली म्हणजे एक पान. सुरुवातीला आणि शेवटी आपला माणूस मोजायला उभा असला तर यावर बोलता तरी येतं. आमचा माणूस शेवटी फोटो काढायला गेला होता.

तरी 322 पानांचेच पैसे गेले. मी आधी ठरवल्याप्रमाणे 370 सांगितली असती तर 48 पानं, म्हणजे 28,800 रुपये हकनाक द्यावे लागले असते. तो वाचलेला पैसा मला त्या बाईंच्या ‘आम्ही तिघं, नाश्त्याला नाही’ या ओळीत दिसतो. पुड्यांपेक्षा आणि गाडीपेक्षाही मोठी मदत ती होती, आणि ती त्यांनी मदत म्हणून दिलीच नव्हती.

पुन्हा असं कार्य असेल तर

बोर्डावर पत्रिका लावतानाच खाली आकड्यांचे रकाने हवेत, आणि पहिली ओळ आपल्याच ओळखीच्या घराची भरलेली. तो कागद दहा दिवस आधी आला असता तर माझी रात्रीची तीन गणितं वाचली असती.

वयस्कर मंडळींची घरं बोर्डावर सोडायची नाहीत. 44 घरं होणार नाहीत, पण आठ होतात. दादाचा गुडघा दुखत होता, माझा नव्हता.

मदतीचा देकार आला की उत्तर एक दिवस थांबून द्यायचं आणि त्या दिवसात ज्याचं ते काम आहे त्याला विचारायचं. बाईंनी बुधवारपर्यंतची मुदत त्यासाठीच दिली होती. मी एका मिनिटात हो म्हटलं याचं कारण कृतज्ञता होती, हे खरं, पण मामींना ते कारण सांगून काही उपयोग झाला नाही. आणि वेळ सांगून येणाऱ्या माणसासाठी सामान त्या वेळेआधी तयार हवं. तांदूळ गुरुवारीच वाळला असता तर 300 पुड्या पाचच्या आत झाल्या असत्या.

बाईंच्या बाजूने बघितलं तर एकच गोष्ट त्या वेगळी करतील असं म्हणाल्या. बोर्डावरची ती पहिली ओळ. ‘येणार, तिघं’ एवढंच लिहिलं असतं तर खालच्यांनी आकडेच गिरवले असते, असं त्यांचं म्हणणं.

मामींचा राग संक्रांतीपर्यंत निवळला. पुड्या मात्र सैल बांधल्या होत्या, असं त्यांचं मत अजून आहे.